संध्याकाळ सोडून सगळं

त्या सकाळच्या भाषणातून दुलीचंद रहांगडालेला काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. पगारवाढ नाही, बढती नाही, कंपनीच्या मासिकात फोटोही नाही. मिळणार होती फक्त संध्याकाळ. रोजची, स्वतःची, कुडव्यातल्या स्वतःच्या घरातली. माणूस एवढ्याशा मालासाठी किती मोठी बोली लावतो, हे ज्याला संध्याकाळ सुखानं मिळते त्याला कळायचं नाही.

दुलीचंद हा गोंदियातल्या ‘धानश्री ग्रँड’ या हॉटेलचा मॅनेजर. घर कुडव्याला, म्हणजे स्कूटीवर बसून हेल्मेटचा पट्टा नीट बसेपर्यंत येऊन जावं इतकं जवळ. पण राहायचा तो हॉटेलात. जिना आणि लॉन्ड्री यांच्या मधे एक खोली होती. तिला खिडकी नव्हती, म्हणून ती पाहुण्याला देता येत नव्हती. न खपणारा माल दुकानदारानं घरी वापरावा, तशी ती मॅनेजरला दिलेली. भिंतीपलीकडे कपडे वाळवायचं यंत्र फिरायचं, आणि त्या घरघरीची त्याला इतकी सवय झाली होती की सुट्टीच्या दिवशी घरी झोपला तर शांततेनं जाग यायची.

हॉटेल जागं होतं संध्याकाळी. धानाच्या सौद्याला आलेले व्यापारी, बालाघाटकडची वरात, नागझिऱ्याहून धुळीनं माखून परतलेले आणि वाघ दिसला नाही याचा राग गरम पाण्यावर काढणारे पर्यटक, हे सगळे दिवेलागणीलाच काउंटरवर येतात. तेव्हा काउंटरपाशी अधिकाराचा माणूस लागतो. तसा एक ड्युटी मॅनेजर ठेवायचा प्रयत्न अनेकदा झाला. पण जो शिकला तो रायपूरला गेला, नाहीतर नागपूरला. उरला दुलीचंद. बायको रुख्मा घरी, मुलगी रुची नागपूरला शिकायला. सण यायचे तेव्हा हॉटेल भरलेलं असायचं, आणि हॉटेल रिकामं असायचं तेव्हा सण नसायचा.

मालकाला सगळे भैयाजी म्हणत. भैयाजींनी आदल्या आठवड्यात फोन केला होता. “रहांगडाले, तीन बच्चे भेजून राहिलो. मॅनेजमेंट ट्रेनी. एक भी टिकला, तर शिकव त्याले, अन् संध्याकाळ त्याच्या हवाली कर. तू घर जा, भाभीजीच्या हातचं खा. लेकिन पिछली बार जैसा भगाया ना, तर हे ट्रेनी-फ्रेनी बंद. मग तू अन् तुझी लॉन्ड्री.”

मागच्या वेळी काय झालं होतं, तर दुलीचंदनं पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. हाउसकीपिंगपासून सुरुवात, संडास घासावा लागेल, दिवाळी इथेच, पाहुणा ओरडला तरी आपण हसायचं. चहाच्या सुट्टीत बाहेर गेलेली पोरं परत आलीच नाहीत. आलूबोंडे मात्र खाऊन गेली.

म्हणून या वेळी गोड बोलायचं ठरलं होतं. पळस नावाच्या छोट्या हॉलात खुर्च्या लावताना हाउसकीपिंगची प्रमुख राजकुमारी म्हणाली, “साहेब, आज संडासाचं नाव नका काढजा. चहा झाल्यावर सांगजा.”

“अन् मग ऐकून पळाले तर?”

“तवा आलूबोंडे कमी मांडू. तेवढाच नफा.”

धानश्रीची एक रीत होती, आणि ती दुलीचंदनंच पाडलेली. नवा ट्रेनी पहिल्या दिवशी पुढच्या दारानं येतो. त्याला पाहुण्यासारखा टिळा लागतो, सरबत मिळतं, सोफ्यावर बसायला मिळतं. दुसऱ्या दिवसापासून मागचं दार, आणि लॉबीत बसणं जन्मभर बंद. पाहुण्याला काय वाटतं ते एकदा तरी स्वतःला वाटलेलं असावं, हा त्यामागचा विचार. त्या रीतीनं त्या दिवशी तीन टिळे लागायचे होते. लागले चार.

चौथा टिळा बिसनलाल पटलेंच्या कपाळावर. नागऱ्याचे शेतकरी, पांढरा शर्ट, पायात नवी चप्पल, मोटारसायकलवर मागे लेकीला बसवून आलेले. रिसेप्शनवरच्या पोरीनं माणूस दारातून आत आला की टिळा लावायचा, एवढंच शिकलेलं. तिनं लावला. सरबत दिलं. आणि बिसनलाल सरबत पिऊन लेकीच्या मागोमाग हॉलात येऊन शेवटच्या खुर्चीवर बसले.

दुलीचंदनं पाहिलं. ऑरिएंटेशनला पालक बसत नाहीत. बाहेर थांबा म्हणायला हवं होतं. पण ज्याच्या कपाळावर हॉटेलचा टिळा आहे त्याला बाहेर थांबा म्हणणारी जीभ त्याच्या तोंडात उरलीच नव्हती. तो जवळ जाऊन वाकून म्हणाला, “पाणी पाठवू का, पटले साहेब?”

“पाणी नाई पायजे. तुमी रहांगडाले म्हणजे आपलेच ना? कोणतं गाव?”

“आमगावकडचं. आता कुडव्याला घर.”

“मंग तं सोयरेच निघाले गा! ऐकलं का वो रिंकी, साहेब सोयरे आहेत.” रिंकीनं पुढच्या खुर्चीवरून मान न वळवता कान लाल केले. बिसनलाल दुलीचंदकडे वळून म्हणाले, “तुमी बोला बिनधास्त. मी नाई असं समजा.”

पोवार समाजात सोयरा निघाला की अर्धा करार तिथेच होतो. उरलेला अर्धा भाषणावर होता.

दुलीचंद उभा राहिला. बोलायला लागला की तो निराळाच माणूस व्हायचा. खिडकी नसलेल्या खोलीतला माणूस आणि माइक धरलेला माणूस एकच आहेत हे सांगूनही कोणाला पटलं नसतं.

“आज तुम्ही पुढच्या दारानं आलात,” त्यानं सुरुवात केली, “कारण आज तुम्ही पाहुणे आहात. मीही एकदा आलो होतो. तेव्हा या जागी लॉज होतं, आणि मला टिळा नाही, झाडू मिळाला होता.” पोरं हसली. “पुढचे काही महिने तुम्ही एकेका खात्यात जाल. फ्रंट ऑफिस, रेस्टॉरंट, किचन, आणि... बाकीची खाती. प्रत्येक खात्यात शिकाल, प्रत्येक खात्याचा प्रमुख तुमच्याबद्दल लिहून देईल, मग ठरेल कोण कुठे बसणार. एखादा उद्या माझ्या जागी उभा राहून भाषण करेल.”

‘बाकीची खाती’ ऐकून दारात उभ्या राजकुमारीनं पदर तोंडाला लावला.

मग त्यानं कामाच्या गोष्टी सांगितल्या. आग लागली तर लिफ्ट नाही, जिना, आणि जमायचं पार्किंगच्या कडुनिंबाखाली. परदेशी पाहुणा आला तर त्याची नोंद चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरायचीच, विसरलो असं चालत नाही. कोणत्या खोलीत कोण उतरलंय हे फोनवर कोणालाही सांगायचं नाही, तो स्वतःला पाहुण्याचा सख्खा भाऊ म्हणाला तरी.

“बायको म्हणाली तर?” हिमांशूनं विचारलं. हिमांशू शहरातल्या कापड व्यापाऱ्याचा मुलगा, रायपूरहून हॉटेल मॅनेजमेंट शिकून आलेला, केसांना चमक आणि बुटांना त्याहून जास्त.

“बायको म्हणाली तर अजिबातच नाही,” दुलीचंद म्हणाला, आणि बिसनलाल मागून सगळ्यांत मोठ्यानं हसले.

“आता एक धंद्याची किल्ली देतो,” तो पुढे म्हणाला. “समजा खोलीतला एसी आवाज करतो. दुसरी खोली नाही. तेव्हा काय कराल? लपवाल?”

“हो,” तिलक म्हणाला. तिलक देवरीकडचा, गप्प स्वभावाचा, विचारलं तर खरंच सांगणारा.

“लपवलं तर पाहुणा रात्री फोन करेल आणि सकाळी भांडेल. आपण आधीच सांगायचं: ‘सर, एसीचा थोडा आवाज येतो, म्हणून आम्ही तुम्हाला शांत बाजूची खोली दिली आहे.’ ज्यानं स्वतःहून खोट सांगितली, त्याच्यावर पाहुणा बाकी सगळ्या बाबतीत डोळे मिटून भरवसा ठेवतो. मग नळ गळत असला तरी त्याला दिसत नाही.”

हे वाक्य त्यानं आजवर प्रत्येक बॅचला सांगितलं होतं. ते मागच्या खुर्चीपर्यंत पोचतंय याचा त्या दिवशी त्याला विसर पडला होता. खरं म्हणजे बिसनलालांनाही त्यात स्वतःचं काही दिसलं नाही. धंद्याच्या गोष्टी ऐकताना माणूस नेहमी दुकानदाराच्या बाजूनं ऐकतो.

मग आला खेळ. “मी पाहुणा. दारातून येतो. एकेकानं माझं स्वागत करायचं. पाठ केलेलं नको, सुचेल ते.”

तो रिकामी बॅग घेऊन बाहेर गेला आणि आत आला. हिमांशू पुढे झाला. “गुड मॉर्निंग सर, वेलकम टू धानश्री ग्रँड. मे आय हॅव युअर बुकिंग डिटेल्स, प्लीज?” बोलणं सफाईचं, हसू मापाचं. उणं काढायला जागा नव्हती आणि लक्षात ठेवायलाही काही नव्हतं.

दुसऱ्यांदा तो आत आला तेव्हा तिलकनं हात जोडले. “नमस्कार.” बराच वेळ गेला. “बोला.” हॉल हसला, तिलकही हसला.

तिसऱ्यांदा रिंकी उठली. ती पुढे आली, त्याच्या हातातली बॅग तिनं विचारल्याशिवाय काढून घेतली, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “या मामाजी. थकल्यासारखे दिसून राहिले. जेवून आले का?”

इथे दुलीचंदनं तिला लगेच टोकायला हवं होतं. पाहुण्याशी नातं जोडायचं नाही, त्याच्या चेहऱ्यावर शेरा मारायचा नाही, जेवणाच्या आधी ओळखपत्र. तीन चुका एका दमात. पण तो नुसता उभा राहिला. बॅग गेलेला हात तसाच अर्धवट वर. दारातून आत येणाऱ्या त्याला हे कोणी कधी विचारलं होतं, ते आठवायला तो मनातल्या मनात मागे मागे जात राहिला आणि बराच मागे गेला तरी काही सापडेना. स्टाफच्या मेसमध्ये तो उभ्यानं जेवायचा, कारण बसलं की कोणीतरी बोलवायचं. आचारी विचारायचा, “साहेब, पोळ्या अजून लावू का बंद करू?” तो पोळ्यांचा प्रश्न होता.

“हो,” तो रिंकीला म्हणाला. मग म्हणाला, “नाही.” आणि मग सावरून, “अन् ओळखपत्र कोण पाहणार, भाचीबाई?”

सगळे खदखदून हसले. रिंकीनं जीभ चावली. दुलीचंदनं चहाची सुट्टी जाहीर केली, ठरल्या वेळेआधीच.

लोकांना वाटतं, असा एखादा शब्द मनाला लागला की माणूस चांगला होतो. दुलीचंदच्या बाबतीत उलट झालं. इतके दिवस संध्याकाळ हवी होती, ती हवी होती इतकंच. आता ती कशी दिसते ते त्यानं पाहिलं होतं. दार, दारात कोणीतरी, आणि ‘जेवून आले का.’ आणि ही पोरगीच ती संध्याकाळ सोडवून देणार, हेही त्याला त्याच क्षणी कळलं होतं. हिमांशू चमकायला आलाय, टिकायला नाही. तिलक भला आहे, पण काउंटरवर गोठेल. चिडलेला पाहुणा, रडकं पोर, बुकिंग हरवलेली म्हातारी, यांच्यासमोर उभं राहायला जे लागतं ते रिंकीजवळ आईच्या दुधातूनच आलं होतं. ओळखपत्र मागायला काय, तो शिकवेल.

मागच्या व्हरांड्यात बिसनलाल बशीत चहा ओतून पीत होते. “रहांगडाले साहेब, जरा बसा. एक विचारू?”

“विचारा ना.”

“इची माय नाई. कोरोनात गेली. पोरगा हैदराबादले, तो दसऱ्याले येते अन् मोबाइल पाहून जाते. घरी मी अन् हे पोरगी. शेती अधिया, अर्ध्या वाट्यानं देली आहे, तिचं काई टेन्शन नाई. पगाराचंही नाई. मले एकच पायजे. सांजच्याले पोरगी घरी जेवाले पायजे. ती वाढते, दोघं जेवतो, गावातल्या लोकायची चुगली करतो, झोपतो. बस. लग्न होईन तवा जाईनच, तोवर तरी.” त्यांनी बशी खाली ठेवली. “राहीन ना सांजच्याले घरी? तुमी सोयरे, म्हणून विचारतो. नाई म्हणाल तं आत्ताच घेऊन जातो, वाईट नाई वाटाचं.”

म्हणजे जी वस्तू दुलीचंदला हवी होती, नेमकी तीच बिसनलाल सोडायला तयार नव्हते. आणि ती एकच होती. कुडव्याला गेली की नागऱ्याला नाही.

दुलीचंदनं चहाचा कप फिरवला. “ट्रेनिंगमध्ये मुलींना आम्ही सकाळची शिफ्ट देतो,” तो म्हणाला. “सूर्य मावळायच्या आत घरी.”

वाक्य शंभर टक्के खरं होतं. ट्रेनिंगनंतर काय, ते त्यात नव्हतं, कारण ते विचारलेलं नव्हतं. आणि बिसनलालांना ट्रेनिंग म्हणजे नोकरीच वाटत होती. शाळेत चिकटलेला मास्तर जसा शाळेतच राहतो, तशी.

“बस झालं मंग,” बिसनलाल म्हणाले. पण त्यांच्या तोंडावरची शंका पुरती गेली नव्हती. म्हाताऱ्या शेतकऱ्याला फार गोड ऊस कीड लागल्यासारखा वाटतो.

सुट्टीनंतर दुलीचंद पुन्हा माइकपाशी आला आणि त्यानं आपलं गोड भाषण घडी घालून खिशात टाकलं. राजकुमारीनं दारातून डोळे वटारले, तरी त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

“आता खोट सांगतो,” तो म्हणाला. “पहिलं खातं हाउसकीपिंग. उद्यापासून. म्हणजे चादर बदलणं, फरशी पुसणं, आणि संडास घासणं. हातात मोजे असतील, पण हात तुमचाच असेल.”

“सर, एक मिनिट.” हिमांशू उभा राहिला. “हम मॅनेजमेंट ट्रेनी है ना? संडास के लिए तो स्टाफ रहता है.”

“स्टाफनं घासलेला तुम्ही पुढे तपासायचाय. कमोडच्या आतल्या काठाखाली ब्रश फिरवला की नाही, हे वरून दिसत नाही. ज्यानं फिरवलाय त्यालाच कळतं कुठे पाहायचं. राजकुमारीताई शिकवतील. त्यांनी नापास केलं तर मी पास करू शकत नाही.”

हिमांशू बसला, पण खुर्चीच्या काठावर. दुलीचंद पुढे बोलत राहिला. दिवाळीला रजा मिळणार नाही, हॉटेल भरलेलं असतं. लग्नाच्या हंगामात आठवड्याची सुट्टी पुढे ढकलली जाते. रेस्टॉरंटमध्ये ब्रेक शिफ्ट असते, सकाळी अर्धी, रात्री अर्धी. ती रिंकीला नाही, पोरांना लागेल. एखादा पाहुणा सगळ्यांदेखत ओरडेल, चूक त्याची असेल, आणि माफी तुम्ही मागाल. बूट रोज पॉलिश, नखं कापलेली, लॉबीत बसणं बंद.

“आणि माझं सांगतो. माझं घर कुडव्याला आहे. मी या हॉटेलात झोपतो. लॉन्ड्रीच्या शेजारी. माझ्या मुलीचा बारावीचा निकाल मी रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर पाहिला, आणि तेवढ्यात चेक-आउट आला म्हणून तिला फोन रात्री केला. ती म्हणाली, ‘बाबा, दुपारीच कळलं मला.’ हा धंदा असा आहे. ज्याला जायचंय त्यानं आज जावं. माझा राग नाही.”

तिलक खाली पाहत होता. राजकुमारी दारातून आत सरकली होती, तिनंही हे कधी ऐकलेलं नव्हतं. आणि यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. बोलताना दुलीचंदचा आवाज भरून आला तोही खराच. फक्त इतक्या खऱ्यांच्या गर्दीत एक वाक्य हॉलाबाहेर उभं होतं: की ट्रेनिंग संपलं की जो उत्तम ठरेल त्याला संध्याकाळी काउंटरवर उभं राहावं लागेल, रोज.

त्यानं ते मुद्दाम ठेवलं, की बोलता बोलता राहून गेलं? पुढे हा प्रश्न त्यानं स्वतःला पुष्कळदा विचारला. एसीचा आवाज सांगितला की गळका नळ दिसत नाही, हे सकाळी शिकवलं कोणी होतं, एवढं आठवलं की तो विचारणं थांबवायचा.

बिसनलाल उठले. दुलीचंदला वाटलं, आता लेकीला घेऊन निघणार, पोवाराची पोरगी संडास घासणार नाही म्हणणार.

“साहेब,” बिसनलाल म्हणाले, “शेण तं आमीबी काढतो. त्यात काय लाज? दिवारी एक दिवसाची असते. तुमी काई लपवलं नाई, हे मोठं. रिंकी, राह्य इथंच. माणूस खरा आहे.”

दुलीचंदनं हात जोडले. ते नमस्कारासारखे दिसले.

हिमांशू जेवणाआधी गेला, जाताना सगळ्यांशी हात मिळवून. तिलक टिकला काही महिने, मग देवरीला काकाच्या ढाब्यावर गेला आणि तिथे गिऱ्हाइकाला “बोला” म्हणून सुखी झाला. रिंकी राहिली. राजकुमारीनं तिला पहिल्याच आठवड्यात तीनदा बाथरूम पुन्हा धुवायला लावलं, आणि मग स्वतःच्या डब्यातलं लोणचं देऊ लागली. किचनमध्ये तिनं आचाऱ्याला गप्प बसवलं, फ्रंट ऑफिसमध्ये ओळखपत्र आधी मागायला शिकली. रोज सूर्य बुडायच्या आत तिची स्कूटी नागऱ्याच्या रस्त्याला लागायची. दिलेला शब्द पाळला गेला, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत.

ट्रेनिंग संपलं त्या दिवशी भैयाजींचा फोन आला. “पोरगी हीरा निकली! दे तिले संध्याकाळ.”

दुलीचंदनं तिला केबिनमध्ये बोलावून पत्र दिलं. ड्युटी मॅनेजर, दुपारपासून रात्री उशिरापर्यंत, घरी सोडायला हॉटेलची गाडी, आणि खाली तिच्या संमतीच्या सहीला जागा. ती उभ्यानं वाचत होती. चेहरा उजळला, कारण पद मोठं होतं आणि ते तिनं कमावलं होतं. मग वेळेच्या ओळीपाशी डोळे थांबले.

“सर, हे तुमाले पहिल्या दिवशी माहीत होतं ना?”

“होतं.”

“भाषणात आलं नाई.”

“सही करायचीच असं नाही, रिंकी.”

“नाई कशी करू?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “एवढे दिवस संडास घासले ते का घरी बसाले? करतेच मी सही. पण बाबूजी त्या दिवशी घेऊन जाले तयार होते. तवा मले काईच मालूम नव्हतं, जाऊनबी काई गेलं नसतं. आता सोडलं तं कमावलेलं सगळं जाते.” तिनं सही केली, पेन टोपण लावून परत दिलं. “त्यायले मी सांगीन. तुमी नका सांगजा. तुमाले ते खरे म्हणतात अजून.”

त्या संध्याकाळी दुलीचंद कुडव्याला निघाला. गल्लीत दिवे लागले होते, कोणाच्या तरी घरी शिजत्या भाताचा वास. दार लोटलेलं होतं. आत रुख्मा आरशापुढे केसांना पिन लावत होती.

“आले का?” ती म्हणाली. “सुट्टी आहे का आज?”

“नाही. आता रोजच येणार. सांगितलं होतं ना फोनवर.”

“हो, हो. सांगलं होतं.” ती गडबडली. इतक्या वर्षांत तिनंही आपली संध्याकाळ कुठेतरी गुंतवून टाकली होती. दिवेलागणीला जेवून घ्यायचं, मग गल्लीतल्या बायांसोबत मंदिरात भजनाला, येताना शेजारच्या चुन्नीलालच्या ओट्यावर गप्पा. “मी तं जेवून घेतलं. तुमचं झाकून ठेवलं आहे. भजनाले उशीर होऊन राहिला, बाया थांबल्या असतीन. उद्यापासून पाहू काई, हां?”

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच पाहिलं. थांबली, त्याच्यासोबत जेवायला बसली. पण तिला त्या वेळी भूक नसायची आणि त्याला बोलायला काही सुचायचं नाही. ती ताटाकडे आणि तो घड्याळाकडे पाहायचा, आता काउंटरवर गर्दी असेल म्हणून. बाहेरून बायांनी हाक मारली की तिचा घास थांबायचा. आठवडाभरानं त्यानंच म्हटलं, “जा तू भजनाला.” तिनं “नाई, राहते ना” म्हणायला जेवढा वेळ लावायला हवा, तेवढा लावला नाही. आणि तिचं काय चुकलं? संध्याकाळ ही काही बँकेत ठेवलेली नसते, की यावं आणि काढून न्यावी.

तर हिशेब असा. भैयाजींना ड्युटी मॅनेजर मिळाली, त्यांचं काही गेलं नाही. रिंकीला पद मिळालं, नाव मिळालं, आणि बापाला काय सांगितलं ते तिनं कधी कोणाला सांगितलं नाही; तिचं थोडं गेलं, थोडं पुढे जाईल. रुख्माचं आठवडाभराचं भजन गेलं होतं, ते तिनं परत मिळवलं. दुलीचंदला हवी होती ती वस्तू पूर्ण मिळाली, आणि कुडव्याच्या घरात ती घेऊन तो एकटा जेवू लागला.

मोल सगळं भरलं ते नागऱ्याला. तिथे बिसनलाल पटले रात्री एकाच माणसाचा भात लावतात, ताट घेऊन टीव्हीपुढे बसतात, आणि कोणी विचारलं तर सांगतात की पोरगी मोठ्या हॉटेलात मॅनेजर आहे, तिथला साहेब आपला सोयरा आहे, लय खरा माणूस.